दुसऱ्या भेटीचा बाक

टॅग तोडला तेव्हा तिच्या मनात काही म्हणजे काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कपड्यावर काही लोंबकळताना दिसलं की कात्री चालवायची, ही तिच्या हाताची खोड. कपडे आखूड-लांब, सैल-घट्ट करून देणाऱ्या दुकानात ती शिक्षण संपल्यापासून काम करत होती. दिवसभर तोंडात टाचण्या धरून बोलायची, म्हणून दुकानाच्या मालकीणबाईंनी, म्हणजे काकूंनी, तिचं नाव टाचणी ठेवलं होतं आणि तेच सगळीकडे रूढ झालं. घरी ताई आणि भावजीसुद्धा तिला टाचणीच म्हणत. धागे तोडायची छोटी कात्री तिच्या पर्समध्ये कायम असायची. इतर मुलींच्या पर्समध्ये आरसा असतो तशी.

तर त्या संध्याकाळी ती एका महागड्या हॉटेलात बसली होती, समोर तो होता. तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा. डोळे तपासणाऱ्या मॅडमचे पांढरे कोट आखूड करायला घेऊन आला, मग कोट न्यायला आला, मग कोटाचं बटण सैल आहे म्हणून पुन्हा आला. बटण अजिबात सैल नव्हतं. काकू गालातल्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, आता चौथ्यांदा आला की सरळ विचार, काम काय आहे. चौथ्यांदा त्यानेच विचारलं.

हॉटेल त्याने निवडलं होतं. रुमाल एवढे मोठे की त्यात उशीचा अभ्रा झाला असता. भिंतीवरच्या फळ्यावर त्या दिवशीची सूपं लिहिली होती, ती तिने त्यालाच वाचायला लावली आणि सगळ्यात साधं वाटलं ते मागवलं. तो मात्र घरचंच हॉटेल असल्यासारखा भराभर मागवत सुटला. बोलतही तसाच होता. पुढे स्वतःचं दुकान काढणार, दोन शाखा करणार, असलं काहीबाही. तिचं निम्मं लक्ष त्याच्या बोलण्याकडे आणि निम्मं मेन्यूकार्डाच्या उजव्या बाजूकडे होतं. मग सूप त्याच्या बाहीवर सांडलं. तिने चटकन त्याचा हात ओढून घेतला, ओल्या रुमालाने डाग टिपला, बाही उलटली, आणि आत दोरीला लटकलेला दुकानाचा टॅग दिसला. पर्समधून कात्री निघाली, कट्कन आवाज झाला, टॅग टेबलावर पडला.

"टॅग राहिला होता," ती हसत म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. पडला म्हणजे असा की तिला आधी वाटलं, कात्री लागली. मग तो हसला, गडबडीने टॅग उचलून खिशात टाकला आणि म्हणाला की हो, घाईत राहूनच गेला. तोवर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. असे टॅग तिच्या दुकानात कितीतरी यायचे. लोक समारंभापुरता कपडा घालतात, टॅग आत खोचून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानात परत करतात. कुणाचा टॅग तुटला तर तो काकूंकडे येतो, जरा पुन्हा लावून द्या म्हणून. काकू तसलं काम घेत नाहीत, वर दोन शब्द सुनावतात. म्हणजे हा शर्ट उद्या परत जाणार होता. आता जाणार नव्हता, आणि तेही तिच्यामुळे.

त्या रात्री त्याचा निरोप आला, पोचलीस का. तिने पोचले म्हणून कळवलं. त्यानंतर फोन गप्प. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा सरत आला. टाचणी दुकानात पॅन्टच्या तळाच्या दुमडी उसवत होती आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होती. तो तिला आवडला होता, हे खरं दुखणं. बढाया मारणारा नव्हे. त्या बढायांच्या मध्येच कुठेतरी एकदा तो खरं बोलला होता, तो. त्याने एका आजींची गोष्ट सांगितली होती. नवा चष्मा चढवून त्या दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या आणि रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघत म्हणाल्या, अगबाई, याला सुटी सुटी पानं आहेत की. मॅडम आत तपासत असतात, पण चष्मा पहिल्यांदा डोळ्यांवर चढवायचं काम त्याचं. तेव्हा तो प्रत्येकाला विचारतो, काय दिसतं? एवढं सांगताना त्याचा आवाज बदलला होता. ती त्या आवाजासाठी जीव टांगून बसली होती.

शेवटी तिने ताईला सांगितलं. टॅगचंही सांगितलं. ताई आणि भावजींचं घर लहान, भिंती पातळ, त्यामुळे भावजींना आपोआपच कळलं. मग काय, दोघांनी मिळून दुसऱ्या भेटीचं नियोजन हातात घेतलं.

"त्याला घरी जेवायला बोलाव," भावजी म्हणाले. खर्च नाही, अन्न गरम.

ताईने त्यांना उडवून लावलं. दुसऱ्याच भेटीत माणसाला नातेवाइकांच्या पंक्तीत बसवायचं म्हणजे त्याची परीक्षाच. मग बागेत फिरणं निघालं, पण नुसतं फिरणं म्हणजे वेळ काढणं, पाय दुखले की संपलं. संग्रहालय एका संध्याकाळी फुकट असतं हे ताईला ठाऊक होतं, पण तिथे हळू बोलावं लागतं आणि हे दोघं आधीच एकमेकांशी बोलत नव्हते. भावजींनी मग छाती फुगवून स्वतःची कथा सांगितली. लग्नाआधी दुसऱ्या भेटीला त्यांनी ताईला बसमध्ये बसवून शेवटच्या थांब्यापर्यंत नेलं होतं आणि परत आणलं होतं. दोन तिकिटांत सगळं शहर. ताई म्हणाली, हो, आणि जाताना तिसऱ्याच थांब्यावर हे झोपले, सगळं शहर मी एकटीने बघितलं. भावजी म्हणाले, पण लग्न केलंस ना.

हसून झाल्यावर ताई भांडी पुसता पुसता गंभीर झाली. म्हणाली, स्वस्त काय आणि महाग काय, ते राहू दे. त्याने सांगितलेली एखादी गोष्ट तुला आठवते का? तिथून सुरुवात कर. आपल्यावर कुणी केलेला खर्च माणूस विसरतो, पण आपलं बोलणं कुणी लक्षात ठेवलं तर ते विसरत नाही.

टाचणीला आजी आठवल्या. सुटी सुटी पानं आठवली. आणि कल्पना सुचली ती अशी की तिची तिलाच मजा वाटली. बस स्थानकासमोर झाडाखाली एक बाक होता. तिथे बसायचं आणि माणसं वाचायची. तिने कपड्यांवरून, त्याने चष्म्यांवरून. दोघांचं काम एकाच बाकावर आणायचं. सोबत फ्लास्कमधून चहा आणि डब्यात भाजलेला पाव. तो पाव मात्र नीट लोणी लावून, कडा काढून, कापडी रुमालात बांधलेला. रुमाल तिने दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांचा जोडून शिवला. त्यात एक निळा तुकडा घातला, त्याच्या शर्टासारखा, आणि मग उसवून काढला. टोमणा वाटला तर?

निरोप लिहायला अख्खी संध्याकाळ गेली. हे सगळं त्याला कमी खर्चाचं वाटलं पाहिजे की नाही, याच प्रश्नावर घोडं अडलं. खर्च नाही म्हणावं तर त्याची परिस्थिती ओळखल्यासारखं होतं, आणि काहीच बोलू नये तर तो पुन्हा कुठलं तरी हॉटेल ठरवेल, पुन्हा परत करायचा शर्ट घालेल. शेवटी तिने लिहिलं, "दुसरी भेट मी ठरवलीय. स्थानकासमोरचा बाक, सुट्टीच्या दिवशी दुपारी. तू फक्त ये, पाकीट घरी ठेव." पाठवल्यावर शेवटचे तीन शब्द तिला डोळ्यांत खुपायला लागले. पण गेलेला निरोप परत येत नाही. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, येतो. फक्त येतो. त्यापुढे ना हसरा चेहरा, ना प्रश्न.

तो वेळेवर आला आणि अंगात तोच निळा शर्ट होता. बाहीवरचा डाग धुऊन फिकट झाला होता, गेला नव्हता. खांद्याला कापडी पिशवी होती, ती त्याने मांडीवर घट्ट धरून ठेवली. त्याने शर्ट मुद्दाम घातला, की त्याच्याकडे तेवढाच बरा शर्ट आहे? दोन्हींत तिचीच चूक होती.

तिने खेळ समजावून सांगितला. बोट दाखवायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, कुणाची टिंगल करायची नाही. आधी तो अवघडला. मग बाकासमोरून एक गृहस्थ गेले आणि तिने सांगितलं की यांच्या पॅन्टच्या तळाशी जुन्या दुमडीची रेघ आहे बघ, म्हणजे पॅन्ट सोडवून लांब केलीय, म्हणजे ती आधी कुणा बुटक्याची होती. भावाची असेल. तो हसला नाही, पण बघायला लागला. त्याने सांगितलं की गृहस्थ हातातलं तिकीट वाचताना हनुवटी वर करत होते, नव्या चष्म्याच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असतो, त्याची सवय झालेली नाही. चार दिवस पायऱ्या उतरताना धडपडतील. मग एक बाई गेल्या, त्यांचे डोळे काचेमागे मोठे दिसत होते, ते जवळचं वाचायच्या नंबराचं भिंग. मग एक कॉलेजची पोरगी, तिचे डोळे काचेमागे बारीक, म्हणजे उलटा नंबर, लांबचं दिसत नाही. टाचणीने सांगितलं की त्या पोरीने कुर्त्याचं माप देताना पोट आत ओढलं होतं, म्हणून आता पोटावर काचतंय.

तो पहिल्यांदा खळखळून हसला. तिने चहा ओतला. क्षणभर सगळं सुरळीत होतंय असं तिला वाटलं, आणि असं वाटणं म्हणजे संकटाला दारात रांगोळी. रस्त्यापलीकडच्या एका थांब्यावर कसली तरी पाटी टांगली होती. तो म्हणाला, ती पाटी वाच, शुद्धलेखन बघ कसलं आहे. तिने डोळे बारीक केले आणि म्हणाली, असू दे, मला पाट्यांचं काय. त्याने तिच्याकडे जरा वेळ टक लावून पाहिलं. हात पिशवीत गेला आणि रिकामाच बाहेर आला.

"आता माझं सांग," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्या कपड्यांवरून काय कळतं ते."

तिने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हणाली, खेळ अनोळखी माणसांचा आहे. तो म्हणाला, आपण काय फार ओळखीचे आहोत? आवाजात धार होती. मग तिने सोपं सोपं सांगितलं. डाव्या खांद्यावर पिशवी अडकवतोस, तिथे कापड गुळगुळीत झालंय. बाही तुला बोटभर लांब आहे. कॉलरचं बटण तूच लावलंयस, धागा वेगळ्या रंगाचा आहे.

"आणि टॅग?"

स्थानकातून भोंगा वाजला. तिला वाटलं, आता खोटं बोलता येईल, अजून येईल. पण खोटं बोलायचं तर हा बाक, हा डबा, तो रुमाल, काहीच खरं उरलं नसतं.

"टॅग मी तोडायला नको होता," ती म्हणाली. "माझी सवय आहे. तोडल्यावर कळलं."

"म्हणजे कळलं होतं."

"तेव्हाच."

त्याने चहाचा कप बाकावर ठेवला, फार हळू. म्हणाला, म्हणून बाक. म्हणून घरचा डबा. म्हणून पाकीट घरी ठेव. आठवडाभर तो स्वतःची समजूत घालत होता की तिला काही कळलं नसेल. आज तोच शर्ट घालून आला तो एवढ्याचसाठी, की बघ, माझाच आहे. आणि ती इकडे त्याच्यावर दया करत बसली होती, पावाच्या कडा काढून.

आता टाचणीचं डोकं फिरलं. चूक आपली असली तरी डोकं फिरतंच, किंबहुना तेव्हाच जास्त फिरतं. "दया नाही केली," ती म्हणाली. "त्या हॉटेलात मला घास गिळवत नव्हता. तू जे जे मागवत होतास त्याची मी किंमत मोजत होते. तू काय बोललास त्यातलं निम्मं मी ऐकलं नाही. एक आजी आणि त्यांची पानं तेवढी लक्षात राहिली. त्यांच्यासाठी हा बाक आहे. तुझ्या शर्टासाठी नाही."

हे तिने प्रेमाने म्हणायला हवं होतं. तोंडून निघालं ते भांडल्यासारखं. तो उठला, पिशवी खांद्याला अडकवली, म्हणाला, चहा छान होता, आणि निघून गेला. रस्ता ओलांडला आणि थांब्यांवरच्या गर्दीत मिसळला.

टाचणी बसून राहिली. पानं वर सळसळत होती. तिने एकदा डब्याचं झाकण लावलं, एकदा काढलं. जाऊ दे म्हणावं, असं डोकं सांगत होतं. पण ही शेवटची भेट ठरली तर तो आयुष्यभर असंच समजेल की एका मुलीने त्याचा टॅग तोडला आणि मग त्याला भीक म्हणून चहा पाजला. हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. फ्लास्क, डबा, रुमाल सगळं तिथेच टाकून ती धावत सुटली.

पलीकडे ओळीने थांबे होते, प्रत्येकाखाली माणसं. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. अगदी शेवटच्या थांब्याशी निळा शर्ट दिसला, पाठमोरा. ती हात वर करून माणसांतून वाट काढत गेली. "थांब," म्हणाली, "माझं ऐकून घे, मग जा." त्याने वळून पाहिलं नाही. ती आणखी जवळ गेली. "मला तू आवडलायस," ती एका दमात म्हणाली. "टॅगसकट." आणि त्याची बाही धरली.

हाताने आधी ओळखलं, डोळ्यांनी नंतर. बाहीवर डाग नव्हता. कापड जाड होतं, वेगळ्या विणीचं. कानातून गाण्याच्या वायरी काढत एका परक्याच माणसाने वळून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, काय म्हणालात?

टाचणीला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. माफ करा, माफ करा म्हणत ती मागे सरकली. एक बस सुटली, मागोमाग दुसरी. त्यांतल्या कुठल्या तरी बसमध्ये तो बसला असेल. ती गोल फिरून बघत राहिली. शर्ट होते, चेहरे होते, पण लांबचा प्रत्येक चेहरा नेहमीसारखा पुसट, धुतल्या कपड्यावरच्या डागासारखा. गल्लीतल्या बायका तिला शिष्ट म्हणायच्या, रस्त्यात समोरून येते आणि ओळख दाखवत नाही. ताई त्यावरून रागवायची. टाचणीला कधी कळलंच नव्हतं की लोकांची अपेक्षा काय असते. लांबून माणसाचा चेहरा कुणाला दिसतो? तिला वाटायचं, कुणालाच नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि होतं तेही दिसेनासं झालं.

"मी तुझ्या समोर होतो."

तो तिच्या शेजारी उभा होता. धापा टाकत होता.

"कधी?"

"आत्ता. त्या मधल्या खांबाशी. तू सरळ माझ्याकडे बघितलंस आणि पुढे गेलीस." तो म्हणाला, आधी त्याला राग आला. वाटलं, बघूनही न बघितल्यासारखं करते. मग तिने त्या माणसाला हात केला, आणि तो उंचीला, अंगाने, कशानेही त्याच्यासारखा नाही. मग तिचे बारीक केलेले डोळे आठवले. हॉटेलातला फळा आठवला. मघाची पाटी आठवली. दुकानात रोज बघतो आणि इथे रागाच्या भरात विसरला.

"त्या माणसाला मी काय म्हणाले, ते ऐकलंस?"

"सगळ्या थांब्यांनी ऐकलं."

ती रडत रडत हसली. तो हसला नाही. त्याने पिशवीतून एक चपटी लाकडी पेटी काढली आणि तिला बाकाकडे नेलं. डबा, फ्लास्क, रुमाल जागच्या जागी होते. पेटीत कापडाच्या खाचांतून गोल गोल काचा उभ्या होत्या, प्रत्येकीला छोटा दांडा, आणि एक बेढब, जड चष्मा, ज्याला काचाच नव्हत्या. दुकानातली जुनी चाचणीची पेटी, तो म्हणाला. मॅडमना विचारून आणली. त्या फळ्यापासूनच शंका होती. दुसऱ्या भेटीला हेच करायचं असं त्याने ठरवलं होतं. पण मग तिचा निरोप आला, पाकीट घरी ठेव, आणि त्याला वाटलं, आपण ही फुकटची पेटी काढली तर ती म्हणेल, याच्याकडे दुसरं काय असणार. म्हणून आल्यापासून पिशवी धरून बसला होता.

आठवडाभर दोघंही एकच काळजी वाहत होते, तीही एकमेकांपासून लपवून.

त्याने तो बेढब चष्मा तिच्या नाकावर ठेवला, कानामागे नीट बसवला. एक डोळा काळ्या चकतीने झाकला आणि दुसऱ्यापुढे काच सरकवली. थांब्यावरची पाटी बघ, म्हणाला. आता ही काच आणि ही काच, कुठल्या काचेने बरं दिसतं? पहिली की दुसरी? घाई नको. सारखंच दिसलं तर सारखं म्हण. तिला कळेना, चूक उत्तर दिलं तर काय होईल. तो म्हणाला, यात चूक उत्तर नसतं. मग दुसरा डोळा. हा नुसता अंदाज आहे, तो सारखं बजावत होता, खरा नंबर मॅडम काढतील. मग त्याने चकती काढली.

"काय दिसतं?"

आधी पाटी दिसली, आणि शुद्धलेखन खरोखरच भयंकर होतं. मग मान वर केली. झाड नेहमी हिरवं, एकसंध, फुगीर असायचं. आता त्याला कडा होत्या, देठ होते, पानांच्या मधून आकाशाचे तुकडे. ती बराच वेळ वर बघत राहिली.

मग तो उठला. पेटी तिच्या मांडीवर ठेवून रस्त्यापलीकडे गेला, त्याच मधल्या खांबाशी, जिथून ती त्याला न ओळखता पुढे गेली होती. तिथे उभा राहिला, हात खाली, निळा शर्ट, फिकट डाग. लोक त्याला वळसा घालून जात होते.

"काय दिसतं?" तिथून त्याने मोठ्याने विचारलं.

टाचणीने पाहिलं. इतक्या लांबून माणसाचा चेहरा वाचता येतो हे तिला आज कळत होतं. ओठ घट्ट मिटलेले, भुवया वर चढलेल्या. तिच्याइतकाच घाबरलेला.

"तू दिसतोस," ती म्हणाली.

"आणि?"

"बाही बोटभर लांब आहे. तिसऱ्या भेटीला शर्ट घेऊन दुकानात ये, आखूड करून देते."

तो तिथेच उभा राहिला, जसा काही पाय हलवायचा विसरला असावा. मग रस्ता ओलांडून येऊ लागला. टाचणीने चष्मा काढला नाही. तो बाकाशी पोचेपर्यंत ती त्याचा चेहरा बघत राहिली.